‘सध्याची नोकरी का सोडताय?’ साहेबांवर किंवा कंपनीवर टीका न करता कारण कसे सांगावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक परिसरातील सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर या भागांतील कारखान्यांसाठी मुलाखती घेताना मी बरीच वर्षे टेबलाच्या विचारणाऱ्या बाजूला बसलो आहे. कामाच्या प्रश्नांना नीट उत्तरे देणारी माणसे ‘सध्याची नोकरी का सोडताय?’ या साध्या प्रश्नापाशी अडखळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पुढील उत्तरांत मुख्यतः एकाच परिस्थितीचा विचार केला आहे: नोकरी सोडण्याचे खरे कारण वरिष्ठांशी न पटणे हे आहे आणि ते मुलाखतीत जसेच्या तसे मांडता येत नाही.

खरे कारण साहेब असतील, तर ते न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे का?

न घडलेली गोष्ट घडली असे सांगणे म्हणजे खोटे बोलणे. नोकरी सोडण्याच्या निर्णयामागे सहसा एकच कारण नसते. साहेबांचा राग हे सर्वांत ताजे आणि म्हणून सर्वांत मोठे वाटणारे कारण असते, पण त्याच्या खाली बहुधा कामाशी संबंधित काहीतरी असते. हवे असलेले काम मिळालेले नसते, किंवा मिळालेले काम अर्ध्यावरच आपल्या हातून निघून जात असते. या अनेक खऱ्या कारणांपैकी समोरच्या माणसाला उपयोगी पडेल असे एक कारण निवडण्यात अप्रामाणिकपणा नाही.

बनवलेले कारण मात्र टिकत नाही. ‘आईची तब्येत बरी नसते, घराजवळ नोकरी हवी’ असे एका उमेदवाराने मला सांगितले होते. तो राहायला पाथर्डी फाट्याला, तेव्हाची नोकरी जवळच अंबडला आणि मुलाखत त्याहून बऱ्याच लांबच्या सिन्नरच्या कारखान्यासाठी. नकाशा माझ्याही डोक्यात होता. मी फक्त ‘मग रोज जाऊन-येऊन करणार का?’ एवढेच विचारले आणि पुढची पाच मिनिटे दोघांनाही जड गेली.

साहेब खरोखरच वाईट असतील, तर टीका केल्याने नेमके काय बिघडते?

मुलाखत घेणारा तुमच्या साहेबांना बोलावून त्यांची बाजू ऐकू शकत नाही. त्यामुळे कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवण्याच्या भानगडीत तो पडतच नाही. त्याच्या मनात वेगळाच हिशेब सुरू होतो: दोन वर्षांनी हाच माणूस दुसऱ्या कुठल्या तरी टेबलासमोर बसून माझ्याबद्दल काय सांगेल? टीका खरी असली तरी हा प्रश्न पडतोच, आणि तुमच्यासमोर तो कोणी बोलून दाखवत नाही.

दुसरा तोटा वेळेचा आहे. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत साहेबांचा विषय निघाला की पाच-सात मिनिटे सहज जातात आणि तेवढा वेळ तुमच्या कामाबद्दल कोणीच बोलत नाही. तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. नाशिकचे कारखानदारी वर्तुळ लहान आहे. एकाच मोठ्या कंपनीला माल देणारे दहा कारखाने अंबडमध्येच सापडतात, त्यांची माणसे ऑडिटला, सप्लायर मीटला आणि संघटनांच्या कार्यक्रमांना एकमेकांना भेटत असतात आणि आज तुमच्यासमोर बसलेले प्लांट हेड कधीकाळी तुमच्या साहेबांबरोबर सातपूरला एकाच शिफ्टमध्ये असण्याची शक्यता मुळीच कमी नसते.

मग उत्तर तयार कसे करायचे? एखादे उदाहरण देता येईल का?

एक उदाहरण सविस्तर पाहू. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील थोडे बदलले आहेत.

एक तरुण अंबडमधील प्रेस पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात पाच वर्षे क्वालिटीमध्ये होता आणि सिन्नरच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत देणार होता. नोकरी का सोडायची आहे, हे मी त्याला आधी मनात येईल तसे कागदावर लिहायला सांगितले. त्याने लिहिले: ‘नवीन साहेब आल्यापासून काम करणं अवघड झालंय. कस्टमरशी बोलू देत नाहीत. मी केलेला रिपोर्ट स्वतःच्या नावाने पाठवतात. लाइनवर सगळ्यांसमोर ओरडतात. मागचं अप्रेझलही त्यांनीच खराब केलं.’

हा कागद फाडून टाकायचा नसतो, कारण पुढचे उत्तर त्यातूनच निघते. प्रत्येक तक्रारीसमोर एकच प्रश्न लिहायचा: यामुळे माझ्या हातून कोणते काम राहिले? ओरडण्यासमोर काहीच लिहिता येईना. त्रास खरा होता, पण त्यामुळे कोणते काम राहिले असे नव्हते, म्हणून ते वाक्य खोडले. अप्रेझल ही होऊन गेलेली गोष्ट होती, तेही खोडले. उरल्या दोन तक्रारी, आणि नीट पाहिल्यावर त्या एकच निघाल्या. कस्टमरकडून तक्रार आली की एट-डी रिपोर्टचे, म्हणजे तक्रार सोडवण्याच्या आठ टप्प्यांच्या अहवालाचे, सुरुवातीचे टप्पे हा तरुण स्वतः करत असे: सदोष माल वेगळा काढणे, मूळ कारण शोधणे, कायमचा उपाय सुचवणे. उपाय लागू झाल्यावर तो खरोखर चालतो का हे कस्टमरसमोर सिद्ध करणे आणि तक्रार बंद करून घेणे, हे काम मात्र त्याच्याकडे कधीच आले नव्हते. त्याची खरी भूक ती होती. रागाच्या भरात ती त्याला स्वतःलाही दिसली नव्हती.

त्यानंतर आम्ही सिन्नरच्या कंपनीची जाहिरात समोर ठेवली. पुरवठादारांकडे जाऊन तक्रारींवरील उपाययोजना तपासणे आणि त्या बंद करणे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ही गाठ पडणे आवश्यक असते. जे काम मिळत नाही म्हणून तुम्ही निघालात, ते नव्या जागीही नसेल, तर कारण कितीही नम्रपणे मांडले तरी ते लंगडेच राहते.

शेवटी तयार झालेले उत्तर असे होते: ‘मी पाच वर्षं प्रेस पार्टच्या क्वालिटीत आहे. पहिली दोन वर्षं इनकमिंग आणि इन-प्रोसेस तपासणी केली, त्यानंतर कस्टमर कम्प्लेंटवर काम करतोय. माल वेगळा काढणं, मूळ कारण शोधणं आणि उपाय सुचवणं इथपर्यंतचं काम माझ्याकडे असतं. कस्टमरशी चर्चा करून तक्रार बंद करणं हे आमच्याकडे विभागप्रमुखांच्या पातळीवर होतं. मला आता हे काम शेवटपर्यंत करायचं आहे. तुमच्या जाहिरातीत ती जबाबदारी दिसली, आणि पुरवठादाराच्या बाजूने मी हे सगळं पाहिलेलं असल्यामुळे सप्लायर कुठे अडतो हे मला माहीत आहे.’

सावकाश बोलूनही याला पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढा पुरेसा आहे.

शब्दांतून टीका नकळत डोकावते का?

डोकावते, आणि मराठीत ती फार लहान जागेत लपते. वरच्या उदाहरणातील तरुणाने सरावाच्या वेळी आधी ‘कस्टमरशी मला बोलू दिलं जात नाही’ असे म्हटले होते. साहेबांचे नाव त्यात नाही, तरी ‘दिलं जात नाही’ या क्रियापदातच तक्रार बसलेली आहे. ‘विभागप्रमुखांच्या पातळीवर होतं’ असे म्हटल्यावर तीच वस्तुस्थिती कामाच्या वाटणीच्या रूपाने समोर येते आणि ती तंतोतंत खरी राहते.

दुसरी जागा ‘च’ची. ‘रिपोर्ट साहेब पाठवतात’ ही माहिती झाली, तर ‘रिपोर्ट साहेबच पाठवतात’ हे गाऱ्हाणे झाले. असेच ‘काय आहे ना’, ‘तुम्हाला तर माहीतच आहे’, ‘आता काय सांगायचं’ या सुरुवाती ऐकल्या की अनुभवी माणूस पेन खाली ठेवून ऐकू लागतो, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते. ‘पॉलिटिक्स’ आणि ‘वातावरण’ हे शब्द तर पूर्ण टाळावेत. कोणाचेही नाव न घेता हे दोन शब्द सगळ्या कंपनीवर शिक्का मारतात.

एक कसोटी मला उपयोगी वाटते. तुमचे साहेब शेजारच्या खुर्चीवर बसले आहेत असे समजून उत्तर मोठ्याने म्हणावे. ते ऐकून त्यांना आनंद झाला नाही तरी चालेल, पण ‘हे खोटं आहे’ असे म्हणता येऊ नये.

‘तिथे ग्रोथ नाही’ असे सांगितले तर चालेल का?

नाशिकमध्ये सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर हेच असावे. ते सभ्य वाटते, पण ती कंपनीवरची टीकाच आहे आणि वर अर्धवट आहे. त्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ग्रोथ म्हणजे नेमकं काय?’ पद, पगार, नवे यंत्र की नवी जबाबदारी, हे उमेदवाराने ठरवलेले नसेल तर तो गडबडतो आणि त्या गडबडीत साहेब बाहेर येतात. म्हणून ‘ग्रोथ’ हा शब्द सोडून हव्या असलेल्या कामाचे नाव घ्यावे. ‘व्हीएमसीवर तीन वर्षं ऑपरेटिंग आणि सेटिंग केलं, आता प्रोग्रॅमिंग करायचं आहे, आणि आमच्याकडे प्रोग्रॅम तयार होऊन येतात’ हे वाक्य ऐकल्यावर कोणी ‘म्हणजे काय?’ असे विचारत नाही.

‘हे काम तुम्ही सध्याच्या कंपनीत मागून पाहिलं का?’ असे विचारले तर?

खरी परीक्षा येथे आहे. पहिले उत्तर पाठ करून येणारे पुष्कळ असतात, म्हणून जाणता माणूस दुसरा प्रश्न विचारतो. तुम्ही मागितले असेल, तर कधी मागितले आणि काय उत्तर मिळाले एवढेच सांगावे. आपल्या उदाहरणातील तरुणाने एप्रिलच्या आढाव्यात विचारले होते आणि त्याला ‘बघू’ असे उत्तर मिळाले होते. ‘साहेबांनी टाळलं’ हा त्याचा अर्थ होता. मुलाखतीत त्याने सांगितले: ‘एप्रिलच्या आढाव्यात मी विचारलं होतं. त्यानंतर जबाबदाऱ्यांत बदल झाला नाही, म्हणून मी बाहेर पाहायला सुरुवात केली.’ दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि साहेबांनी का टाळले याचा अंदाज त्यांत नाही.

मागितलेच नसेल, तर मागितल्याचे सांगू नये. ‘स्पष्टपणे विचारलं नाही, ती माझी उणीव आहे’ असे म्हणणारा उमेदवार मला त्यानंतरच्या प्रश्नांत अधिक विश्वासार्ह वाटत आला आहे. त्याहून बरे म्हणजे अर्ज करण्यापूर्वी एकदा साहेबांना विचारून टाकावे. त्यामुळे तुम्ही बाहेर पाहत आहात असा संशय येऊ शकतो, हा धोका आहे. पण कधीकधी काम मिळूनही जाते.

‘तुमच्या साहेबांबद्दल सांगा’ असे थेटच विचारले तर काय करावे?

त्यांच्या कामाची एखादी पद्धत आणि तिच्यामुळे तुम्हाला लागलेली एखादी सवय सांगावी. ‘ते प्रत्येक रिपोर्ट स्वतः वाचतात आणि आकड्यांवर प्रश्न विचारतात. त्यामुळे मला पाठवण्याआधी मोजमापं दोनदा पडताळायची सवय लागली.’ साहेब ढवळाढवळ करणारे असले तरी हे वाक्य खरे असू शकते. स्तुतीचे पूल मात्र बांधू नयेत, कारण इतके चांगले साहेब असताना तुम्ही का निघालात हा प्रश्न मग उभा राहतो. दोन वाक्यांनंतर थांबावे. समोरचा गप्प राहिला तरी ती शांतता भरून काढण्याच्या नादात आणखी बोलू नये. माझ्या पाहण्यातील बहुतेक गाऱ्हाणी अशा शांततेतच बाहेर पडली आहेत.

पगार वेळेवर होत नसेल, तर ते सांगणे ही टीका ठरते का?

ठरत नाही. विशेषणे न लावता एका वाक्यात सांगितले की झाले: ‘गेल्या आठ महिन्यांत पगार ठरलेल्या तारखेनंतर होतो आहे आणि माझ्या घरच्या हप्त्यांना ते परवडत नाही.’ पुढे नवी कंपनी बहुधा तीन महिन्यांच्या पगारपत्रिका आणि बँकेचे विवरण मागते, त्यात ते दिसतेच. मात्र मालकांनी पैसा कुठे गुंतवला, कोणत्या पुरवठादाराची बिले थकली, कोणती ऑर्डर हातची गेली, हे सांगू नये. ती कंपनीची अंतर्गत माहिती आहे आणि ती सांगणारा माणूस आपलीही सांगेल, असे ऐकणाऱ्याला वाटते. आपल्या उदाहरणातील तरुणाला एकदा सदोष मालाचा लॉट पास करण्याचा आग्रह झाला होता. तेही आम्ही याच कारणासाठी उत्तरातून पूर्णपणे बाहेर ठेवले.

‘पगार कमी आहे’ एवढेच कारण दिले तर?

ते प्रामाणिक आहे, पण एकटे पडते. सध्याच्या कंपनीने पगार वाढवून दिला तर हा येणारच नाही, असे समोरच्याला वाटते. कामाचे कारण आधी आणि पगाराचे नंतर, हा क्रम ठेवावा.

पुण्याहून नाशिकला परत यायचे असेल तर?

हे कारण सोपे आहे, कारण त्यात कोणीच दोषी नसतो. फक्त ते पक्के वाटले पाहिजे. घर येथे आहे, मुलांचा शाळाप्रवेश येथे घेतला आहे, अशी एखादी ठोस गोष्ट सांगावी. ‘पुण्याचं ट्रॅफिक’ हे कारण वर्षभराने विसरले जाते, हे ऐकणाऱ्यालाही माहीत असते.

लैंगिक छळामुळे नोकरी सोडावी लागत असेल तर?

हा ‘साहेबांशी पटत नाही’ असा विषय नाही आणि त्याला गोड शब्दांत गुंडाळावे असे येथे मुळीच सुचवलेले नाही. तक्रारीची जागा मात्र मुलाखत नसून कंपनीची अंतर्गत समिती आहे. २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते आणि योग्य कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. राजीनामा देण्याच्या गडबडीत ही मुदत निसटू देऊ नये. त्याच कायद्याचे कलम १६ तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा तपशील उघड करण्यास मनाई करते, म्हणून तक्रार सुरू असेल तर मुलाखतीत तिच्या तपशिलात जाऊ नये. कामाशी संबंधित दुसरे खरे कारण द्यावे. ते पुरेसे आहे.

फॉर्म, राजीनामा आणि एक्झिट इंटरव्ह्यू यांत काय लिहावे?

मुलाखतीपूर्वी भरायच्या फॉर्ममध्ये ‘नोकरी सोडण्याचे कारण’ अशी बोटभर जागा असते. तेथे घाईने ‘पर्सनल’ लिहिणारे आत येऊन वेगळेच सांगतात आणि तो कागद समोरच्याच्या हातात असतो. आपल्या तरुणाने लिहिले होते: ‘तक्रार निवारणाच्या पूर्ण जबाबदारीसाठी’. फॉर्ममध्ये आणि तोंडी एकच गोष्ट असावी.

राजीनाम्यात कारण लिहिण्याची गरज नाही. राजीनामा देत असल्याचा उल्लेख, नोटीस पीरियड आणि शेवटचा दिवस एवढे पुरते. एक्झिट इंटरव्ह्यूला काय बोलावे याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की, कामाच्या पद्धतीबद्दल सुधारणा सुचवावी आणि माणसांबद्दलचे मत लेखी देऊ नये. पुढे पार्श्वभूमी पडताळणी करणारी संस्था जुन्या एचआरकडे तारखा, पद आणि अनेकदा सोडण्याचे कारणही विचारते, आणि एचआर त्या वेळी तुमची फाइलच उघडतो. नोकरीच्या तारखा तर भविष्य निर्वाह निधीच्या सेवा नोंदीतही दिसतात. त्यामुळे भांडून मध्येच सोडलेली तीन महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळण्यात अर्थ नाही.

मुलाखत घेणारा माझ्या साहेबांना ओळखत असेल आणि त्यानेच विषय काढला तर?

‘काय, तुमचे साहेब अजून तसेच तापट आहेत का?’ असे हसत विचारले जाते. बहुतेक वेळा त्यात कावा नसतो, ओळख निघाल्याचा आनंद असतो. तरीही हसण्यात सामील होऊन किस्सा सांगू नये. ‘कामाच्या बाबतीत ते कडक आहेत’ एवढे बोलून आपल्या कामाकडे वळावे. अशी ओळख निघाल्यावर आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत मागून घ्यावी, कारण नंतर फोन करून ती मागणे अवघड जाते: ‘मी अजून तिथे राजीनामा दिलेला नाही. ऑफर लेटर हातात येईपर्यंत तिथे चौकशी करू नये, एवढी विनंती आहे. त्यानंतर कोणाशीही बोललात तरी माझी हरकत नाही.’